बुद्धिबळ इंजिनाच्या नोंदी: तीच स्थिती पुन्हा पुन्हा का शोधायची?

४ जून

चालींची निर्मिती अखेर बरोबर आली. सुरुवातीच्या पटावरून सर्व शक्य चाली खेळून मोजणी केली (याला सगळे पर्फ्ट म्हणतात): पहिल्या अर्ध-चालीला २०, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला ८,९०२, चौथ्याला १,९७,२८१. पाचव्याला ४८,६५,६०९ आणि सहाव्याला ११,९०,६०,३२४. हे आकडे जगभर पाठ आहेत, त्यामुळे एकाचा जरी फरक पडला तर चूक आपलीच. (अर्ध-चाल म्हणजे एका बाजूची एक चाल. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून दोन.)

आता खरं काम. हे ८,९०२ म्हणजे *वाटा* आहेत, पटाच्या स्थिती नाहीत. पांढऱ्याने आधी d4 खेळून मग घोडा f3 ला आणला काय, किंवा घोडा आधी काढून मग d4 केलं काय, मधे काळ्याने तीच चाल केली असेल तर पट एकच. तीन अर्ध-चालींनंतर वेगवेगळ्या स्थिती फक्त ५,३६२ भरतात. सहा अर्ध-चालींनंतर तर ११.९ कोटी वाटा आणि स्थिती ९४,१७,६८१. म्हणजे सरासरी एकेका स्थितीला आपण बारा-तेरा वेळा जातो आणि प्रत्येक वेळी तिच्या खालचं झाड पहिल्यापासून खणतो. ज्या विहिरीला पाणी नाही हे एकदा कळलंय, तीच बारा वेळा खोदायची.

उपाय जुना आहे. एमआयटीत रिचर्ड ग्रीनब्लाट यांच्या मॅक हॅक या प्रोग्रामने १९६७ च्या सुमाराला पीडीपी-६ संगणकावर असा तक्ता वापरला होता. शोधलेली स्थिती आणि तिचा निकाल तक्त्यात लिहून ठेवायचा, पुन्हा समोर आली की वाचून मोकळं व्हायचं. हाच ट्रान्सपोझिशन टेबल. पुढे नुसतं तक्ता म्हणतो.

७ जून

तक्त्यात शोधायचं कशावरून? पूर्ण पट ६४ घरांसकट तुलना करणं फार महाग पडेल. अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अहवालात जी युक्ती मांडली, तीच आजही सगळे वापरतात. १२ प्रकारची मोहरी (सहा पांढरी, सहा काळी) आणि ६४ घरं, म्हणजे ७६८ जोड्या. प्रत्येक जोडीला ६४ बिटांची एक यादृच्छिक संख्या द्यायची. पटावर जी जी मोहरी जिथे जिथे आहेत, त्या सगळ्यांच्या संख्यांचा XOR घेतला की स्थितीची किल्ली तयार. याशिवाय कॅसलिंगच्या हक्कांना ४ संख्या, एन पासाँच्या स्तंभांना ८ आणि चाल कोणाची हे सांगायला १. एकूण ७८१.

गंमत XOR मध्ये आहे. तो दिव्याच्या बटणासारखा: एकदा दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. घोडा g1 वरून f3 ला गेला तर अख्खा पट पुन्हा मोजायचा नाही.

```cpp
key ^= Z[WN][G1];   // g1 वरचा घोडा उचलला
key ^= Z[WN][F3];   // f3 वर ठेवला
key ^= kSide;       // आता चाल दुसऱ्याची
```

चाल मागे घेताना हेच तीन XOR पुन्हा केले की जुनी किल्ली परत. मोहऱ्यांचा क्रम कसाही असो, उत्तर तेच येतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय: वाट विसरायची, पट लक्षात ठेवायचा.

६४ बिटच का, ३२ का नाही, हे आधी हिशेबाने पाहिलं. वर्गात तेवीसच मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तोच प्रकार इथे. ९४ लाख स्थितींना ३२ बिटांच्या किल्ल्या वाटल्या तर सुमारे दहा हजार जोड्यांची किल्ली एकच निघेल. ६४ बिटांना तीच अपेक्षा एका जोडीच्या लाखाव्या भागाहूनही कमी होते. तक्त्याच्या ओळी अर्थातच २ चा ६४ वा घात इतक्या नाहीत. किल्लीचे खालचे काही बिट ओळ क्रमांक म्हणून वापरले आणि पूर्ण किल्ली त्या ओळीत लिहून ठेवली. वाचताना ती पूर्ण जुळली तरच विश्वास. हे तपासणं सोडलं तर एकाच ओळीवर येणाऱ्या दोन वेगळ्या स्थिती एकमेकींचे निकाल घेऊन बसतील.

प्रत्येक चालीनंतर किल्ली पहिल्यापासून मोजून चालत्या किल्लीशी ताडून पाहिली. एकदाही फरक नाही. आज समाधानाने झोपलो. (ते समाधान खोटं होतं, पण ते २५ तारखेला कळलं.)

११ जून

तक्ता शोधाला जोडण्याआधी एक सोपी परीक्षा घ्यायची ठरवली: तीन अर्ध-चालींनंतर वेगवेगळ्या किल्ल्या किती मिळतात? ५,३६२ यायला हव्यात.

आल्या ७,६०२.

जास्त आल्या, म्हणजे दोन पट एक समजण्याची चूक नाही. उलट आहे: एकच पट आपण वेगळा समजतोय. फरक २,२४०. दीड तास किल्ल्या छापून बघण्यात गेला आणि मग एक जोडी समोर आली. एकात e3 आणि मग d4, दुसऱ्यात d4 आणि मग e3, काळ्याची चाल दोन्हीकडे a6. पट हुबेहूब सारखा, किल्ल्या वेगळ्या.

कारण एन पासाँ. प्यादं दोन घरं पुढे गेलं की मी डोळे झाकून त्या स्तंभाची संख्या किल्लीत XOR करत होतो. पहिल्या वाटेत d4 ही शेवटची चाल, म्हणून d स्तंभाची खूण किल्लीत. दुसऱ्या वाटेत शेवटची चाल e3, म्हणून खूण नाही. पण d4 वरचं प्यादं वाटेत मारायला काळ्याचं प्यादं शेजारी हवं, म्हणजे c4 नाहीतर e4 वर. एका चालीत काळा तिथे पोचूच शकत नाही. तो हक्क कोणीही वापरू शकत नव्हतं आणि मी तो किल्लीत मिरवत होतो.

आकडा हाताने जुळवला, कारण जुळल्याशिवाय चैन पडेना. पांढऱ्याच्या दोन चालींपैकी किमान एक दोन घरांची असेल, आणि त्या दोन्ही क्रमांनी खेळता येत असतील, तरच एका पटाच्या दोन किल्ल्या होतात. एक प्यादं दोन घरं आणि दुसरं एक घर: ८ × ७ = ५६ जोड्या. दोन्ही प्यादी दोन-दोन घरं: २८. प्यादं दोन घरं आणि घोडा: ८ × ४ = ३२, पण यातल्या चार जोड्या एकाच क्रमाने खेळता येतात, कारण घोडा आधी f3 ला आला तर f2 चं प्यादं अडतं (तसंच a3, c3, h3). म्हणजे २८. बेरीज ११२. काळ्याच्या २० चालींपैकी एकही यांच्या आड येत नाही. ११२ × २० = २,२४०. नेमका तेवढाच फरक!

ही चूक घातक नाही हीच तिची अडचण. पर्फ्ट तक्त्यासकट चालवलं तरी बेरीज अचूक येते, शोधाचं उत्तरही बरोबर येतं. फक्त तक्ता गपचूप निकामी होत जातो, आणि आपण म्हणतो मशीनच जुनं झालं.

१२ जून

दुरुस्ती: एन पासाँची संख्या तेव्हाच XOR करायची, जेव्हा ते प्यादं खरोखर, नियमाने मारता येतं. शेजारी प्यादं असणं पुरेसं नाही. ते प्यादं स्वतःच्या राजासमोर आडवं उभं असेल आणि हललं की राजाला शह बसत असेल, तर तोही हक्क नाहीच. फिडेचा नियमही हेच सांगतो. कलम ९.२ प्रमाणे स्थितीची पुनरावृत्ती धरायची तर मोहरी त्याच घरांत, चाल त्याच खेळाडूची आणि शक्य चाली त्याच असाव्या लागतात, एन पासाँ आणि कॅसलिंग धरून. "सारखी स्थिती" कशाला म्हणायचं हे नियमपुस्तकाने आधीच ठरवून ठेवलंय, मी आपला स्वतःची व्याख्या करत बसलो होतो.

आता तीनला ५,३६२ आणि चारला ७२,०७८. बरोबर.

मग मुद्दाम उलट टोकाला गेलो आणि एन पासाँ किल्लीतून पूर्ण काढून टाकलं. चारला ७१,८५२ आले. २२६ कमी, म्हणजे २२६ ठिकाणी दोन खरोखर वेगळ्या स्थिती एक समजल्या गेल्या. पांढऱ्याचं प्यादं e5 वर आहे. काळ्याने d5 आत्ता खेळलं असेल तर ते मारता येतं, आधीच खेळलेलं असेल तर नाही. पट बघून फरक कळत नाही. या अवस्थेत तक्त्यासकट पर्फ्ट चालवलं तर पाचव्या पातळीला बेरीज चुकते, कारण त्या पातळीवर एन पासाँने मारण्याच्या २५८ वाटा आहेत आणि त्यांतल्या काही हरवतात, काही दोनदा मोजल्या जातात. किल्लीत जास्त घातलं तर काम वाया, कमी घातलं तर उत्तर चूक.

१९ जून

तक्ता शोधाला जोडला. इथे नवशिके (म्हणजे मीसुद्धा, दोन वर्षांपूर्वी) हमखास अडकतात: अल्फा-बीटा शोध प्रत्येक स्थितीची नेमकी किंमत काढतच नाही.

मंडईत एका गाळ्यावर चाळीस रुपयांनी भाव मिळालाय. पुढचा म्हणाला, "पन्नासच्या खाली बोलू नका." आपण घासाघीस करत बसत नाही, पुढे जातो. त्याचा शेवटचा भाव बावन्न होता की सत्तर, हे आपल्याला कधीच कळत नाही. शोधही असाच अर्ध्यावर उठतो. म्हणून तक्त्यात नुसता आकडा लिहून भागत नाही. तो नेमका आहे, "निदान एवढा" आहे की "फार तर एवढा" आहे, हेही लिहावं लागतं. आणि किती खोलीपर्यंत पाहून काढला, तेही.

```cpp
if (e.key == key && e.depth >= depth) {
  if (e.flag == EXACT) return e.score;
  if (e.flag == LOWER && e.score >= beta)  return e.score;
  if (e.flag == UPPER && e.score <= alpha) return e.score;
}
```

अट पुरी झाली नाही तरी ओळ वाया जात नाही. मागच्या वेळी सापडलेली सर्वोत्तम चाल तिथे लिहिलेली असते, ती सगळ्यांत आधी तपासायची. खोली एक-एक वाढवत शोध करताना मधल्या डावात तक्त्याचा मोठा फायदा इथूनच येतो, कारण चांगली चाल आधी तपासली की बाकीच्या लवकर छाटल्या जातात.

मात होण्याचे गुण मुळापासून नाही, त्या स्थितीपासून मोजून लिहिले. तसं केलं नाही तर "तीन चालींत मात" दुसऱ्या वाटेने आल्यावरही तीनच राहतं, आणि इंजिन जिंकलेल्या डावात मात पुढे ढकलत राहतं. हे आधी एकदा भोगलंय, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

२२ जून

परीक्षेची स्थिती: लास्कर आणि राइशहेल्म यांची १९०१ ची. इंजिन लिहिणारे तिला "फाइन ७०" म्हणतात, रूबेन फाइन यांच्या अंतिम डावांवरच्या पुस्तकातल्या क्रमांकावरून.

```
8/k7/3p4/p2P1p2/P2P1P2/8/8/K7 w - - 0 1
```

सातही प्यादी एकमेकांना भिडून अडकलेली. हलतात ते दोन राजे. पांढऱ्याची जिंकणारी चाल एकच, राजा b1. सरळ काळ्याकडे धावत सुटलं तर बरोबरी.

सांगलीच्या मामांना फोनवर स्थिती सांगितली. त्यांनी पट मांडला असावा, दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "अरे, इथे घाई करणाऱ्याचं काम नाही. डावीकडे b5 ला घुसायचं की उजवीकडून g5 ला, हे काळ्याला कळू द्यायचं नाही. तुझं मशीन काय म्हणतं?"

मशीन काहीही म्हणत होतं. एका खोलीला पांढरा जिंकतोय, पुढच्याला हरतोय, त्याच्या पुढच्याला परत जिंकतोय. चालही दर वेळी वेगळी.

"मग ते माझ्यासारखंच खेळतंय की," मामा.

२५ जून

सापडलं. दोन दिवस गेले.

तक्त्यातून आलेली चाल खेळण्याआधी ती त्या पटावर कायदेशीर आहे का, एवढी एक तपासणी घातली. लगेच थांबलं. चाल काळ्याची होती आणि तक्ता पांढऱ्या राजाची चाल सुचवत होता.

`kSide` ही संख्या मी जाहीर केली होती, पण यादृच्छिक संख्या भरणाऱ्या लूपमध्ये ती घ्यायलाच विसरलो. सी++ मध्ये जागतिक चलाची किंमत आपोआप शून्य असते, आणि शून्याशी XOR म्हणजे काहीच न करणं. "चाल कोणाची" हे किल्लीत कधी शिरलंच नव्हतं.

७ तारखेची ताडणी यात आंधळी होती, कारण पहिल्यापासून मोजलेली किल्लीही तेच शून्य वापरत होती. दोघे एकच खोटं बोलत होते. १२ तारखेचं पर्फ्टही आंधळं. पर्फ्टमध्ये एका मुळापासून ठरावीक खोलीपर्यंत जायचं असतं आणि तक्ता खोली तंतोतंत जुळली तरच वापरायचा असतो. उरलेली खोली ठरली की चाल कोणाची हेही ठरतं, म्हणून तिथे ही चूक दिसूच शकत नाही. शोधात मात्र "निदान एवढी खोली" चालते, मग सम-विषम दोन्ही खोल्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

आणि फाइन ७० मध्ये तर सगळा खेळच याचा. पांढरा राजा c4, काळा राजा b6. चाल पांढऱ्याची असेल तर b5 चं दार बंद आहे. चाल काळ्याची असेल तर त्याला हलावंच लागतं: c7, b7 किंवा a7 ला गेला तर पांढरा b5 मध्ये घुसून a5 चं प्यादं घेतो. a6 ला सरकला तर दार राहतं, पण तो उजव्या बाजूपासून आणखी एक पाऊल लांब जातो. पट तोच, निकाल वेगळा. माझा तक्ता या दोघांना एकच ओळ देत होता.

दुरुस्ती एका ओळीची. किल्ली आता दोन परीक्षा देते: वेगवेगळ्या स्थितींची मोजणी, आणि तक्त्यातल्या प्रत्येक चालीची कायदेशीरता. दुसरी बंद करायची नाही, वेग थोडा गेला तरी चालेल.

२८ जून

राजा b1. खोली वाढत गेली तसे गुण स्थिरावले आणि हललेच नाहीत. चहा गाळून होईपर्यंत उत्तर आलं होतं.

तक्ता बंद करून तेच चालवलं. रात्री जेवून आलो तरी ते जिथे पोचायला हवं त्याच्या आसपासही नव्हतं. बंद केलं.

हे असं का, ते कागदावर मांडलं. प्रत्येक राजाला सरासरी पाच चाली धरल्या तर २० अर्ध-चालींच्या वाटा ५ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ९५ लाख कोटी. अल्फा-बीटाला चालींचा क्रम अगदी आदर्श मिळाला तरी वर्गमुळाएवढं काम उरतं, साधारण ९८ लाख. २६ अर्ध-चालींना तेच १२२ कोटी होतं, आणि आदर्श क्रम कोणालाच मिळत नाही. आता स्थिती मोजा. प्यादं मारलं जाईपर्यंत पटावर ५७ रिकामी घरं. पांढरा राजा ५७ पैकी एका घरात, काळा उरलेल्या ५६ पैकी एकात, चाल दोघांपैकी एकाची: ५७ × ५६ × २ = ६,३८४. शेजारी-शेजारी उभे राजे वगळले तर त्याहून कमी. खोली कितीही वाढवा, हा आकडा वाढत नाही. दर नव्या खोलीला जास्तीत जास्त एवढ्याच स्थितींना नव्याने भेटायचं, आणि प्यादं पडल्यानंतरच्या फांद्या काय त्या वेगळ्या.

मधल्या डावात एवढं घबाड नाही. तिथे प्यादी हलतात, मोहरी मरतात, आणि मागे परतता न येणारी प्रत्येक चाल नवा प्रदेश उघडते. तिथे तक्ताही भरून वाहतो. एका ओळीत दोन नोंदी ठेवल्या: एक जास्त खोलीची जपायची, दुसरी नेहमी नव्याने पुसायची.

३ जुलै

एक गाठ सुटलेली नाही. किल्ली वाट विसरते हे तिचं बळ, पण बुद्धिबळाचा एक नियम वाटेवर अवलंबून आहे: तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. शोधात मी दुसऱ्यांदा आली तरी शून्य गुण देतो. आता एका वाटेने येताना पुढची स्थिती आधी होऊन गेलेली होती, म्हणून शून्य मिळालं. ते शून्य वरच्या स्थितीच्या गुणांत मिसळलं आणि तक्त्यात गेलं. उद्या दुसऱ्या वाटेने तिथे आलो, जिथे पुनरावृत्ती नाहीच, तरी तक्ता म्हणणार बरोबरी.

ज्या ठिकाणी पुनरावृत्ती सापडते, तिथलं शून्य मी तक्त्यात लिहीत नाही. पण त्याच्या वरच्या पातळ्या मळतातच. वाट किल्लीत घालावी तर मग सगळ्या वाटा पुन्हा वेगळ्या आणि आपण ४ जूनला परत. बहुतेक इंजिनं हा दोष सोसतात. मुळाच्या जवळच्या पातळ्यांवर तक्त्याचे गुण न घेता फक्त त्याची चाल घ्यायची, एवढं करून पाहतोय. फाइन ७० ला अजून तरी b1 च येतंय.

मामांचा फोन होता. त्यांना पांढऱ्याकडून हाताने जिंकून दाखवायचंय, रविवारी.